इतिहासाच्या उत्तरातील ‘का’



इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक व्याख्यानाला येणार म्हटल्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी शिवकालाची किंवा पेशवाईची अपेक्षा केली असेल. मी मात्र आज परीक्षेच्या उत्तरपत्रिकेविषयी बोलणार आहे. समोर पालक बसले आहेत, मागच्या बाकांवर शाळा-कॉलेजातली मुलेही दिसताहेत. तेव्हा विषय अगदीच परका वाटू नये. आणि उदाहरण म्हणून मी जो प्रश्न घेणार आहे तो आपल्या पायाखालच्या मातीतला आहे, एवढे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो.

प्रश्न असा होता : ‘सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत का टिकले?’ सातारा म्हणजे अर्थात तेव्हाचा सातारा. आपला हा भाग त्यातून १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. उत्तर लिहिणारी मुलगी कुंडलच्या बाजूची होती. घरात हा इतिहास तिने आजोबांच्या तोंडून ऐकलेला. तिचे उत्तर मला आजही जवळजवळ पाठ आहे. ‘८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत चले जावचा ठराव झाला,’ अशी सुरुवात. पुढचा परिच्छेद : ‘त्यानंतर ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला.’ त्यापुढचा : ‘९ सप्टेंबरला वडूजला व १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला.’ मग ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली आगगाडी, मग १४ एप्रिल १९४४ ची धुळ्याच्या खजिन्याची लूट, आणि शेवटी क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ साली उघडपणे लोकांसमोर आले, तो प्रसंग. एकही तारीख चुकलेली नव्हती. अक्षर मोत्यासारखे. मी दहापैकी चार गुण दिले.

ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. म्हणाली, “सर, यात चूक काय आहे ते सांगा.” मी वही चाळली आणि मला चूक दाखविता येईना. ‘विश्लेषण नाही’ असा शेरा मी समासात लिहिला होता, परंतु विश्लेषण म्हणजे नेमके काय, ते कोणत्या ओळीत हवे होते, हे मी तिला सांगू शकलो नाही. आम्ही मास्तर लोक हा शेरा वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. औषधाचे नाव न सांगता ‘तुम्ही आजारी आहात’ असे सांगणाऱ्या वैद्यासारखे हे झाले. त्या दिवशी मी तिला उद्या ये म्हणून परत पाठविले आणि रात्री तेच उत्तर पुढे घेऊन बसलो.

त्या रात्री मी एक साधी गोष्ट करून पाहिली. तिच्या प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य एका कागदावर उतरवून काढले आणि ती सहा वाक्ये सलग वाचली. निघाली ती दिनदर्शिका. ठराव झाला, मोर्चा गेला, गोळीबार झाला, गाडी लुटली. तिने उत्तर दिले होते ते ‘काय झाले?’ या प्रश्नाचे. मी विचारले होते, ‘का टिकले?’ तिच्या सहा वाक्यांपैकी एकाही वाक्याच्या आधी ‘प्रतिसरकार टिकले, कारण’ हे तीन शब्द लावून पाहिले तर अर्थच लागत नव्हता. ‘प्रतिसरकार टिकले, कारण ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला’ – हे काही उत्तर नव्हे. हीच माझी पहिली कसोटी, आणि ती कोणालाही घरबसल्या लावता येते. परिच्छेदांची पहिली वाक्ये वेगळी काढा. ती कालक्रमाने लागत असतील तर आपण गोष्ट सांगितली आहे. ती प्रश्नाला उत्तर देत असतील तर उत्तर लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे दाखविले. मुलगी हुशार. तिने तिथल्या तिथे पेन काढले, ‘त्यानंतर’ खोडले आणि सगळीकडे ‘त्यामुळे’ लिहिले! ‘वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार झाला. त्यामुळे प्रतिसरकार स्थापन झाले.’ मंडळी, आपण हसता, पण ही युक्ती पुष्कळ छापील मार्गदर्शकांतही आढळते. शब्द बदलला म्हणून संबंध सिद्ध होत नाही. ‘त्यामुळे’ हा शब्द म्हणजे एक हुंडी आहे. ती वटविण्यासाठी मागे काही शिल्लक हवे. गोळीबार आणि प्रतिसरकार या दोहोंच्या मध्ये एक दरी आहे, आणि ती दरी माणसांनी कशी ओलांडली हे सांगणे म्हणजेच विश्लेषण.

तेव्हा आपण हाच एक परिच्छेद घेऊन त्या दरीत उतरू या.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातले मोर्चे कशाच्या बळावर निघत होते? दोन गोष्टींच्या. एक संख्या आणि दुसरी उघडपणा. हजारो माणसे दिवसाढवळ्या, झेंडा घेऊन, मामलेदार कचेरीवर जात. तासगावला हे साधले. रक्तपात न होता कचेरीवर तिरंगा लागला. सहा दिवसांनी वडूजला सरकारने बंदुका चालविल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे गेले. यातले पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. आता जरा थांबून विचारा : बंदुकीपुढे संख्या आणि उघडपणा यांचे काय होते? जे कालपर्यंत बळ होते तेच आज दुबळेपण होते. गर्दी म्हणजे नेम धरायला सोपे लक्ष्य. आणि उघडपणे पुढे चालणारा पुढारी म्हणजे वॉरंटावर लिहायला तयार असलेले नाव. म्हणून मोर्च्याची पद्धत मोडली आणि ज्यांच्या नावावर वॉरंटे निघाली ते भूमिगत झाले. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी विद्यार्थी हमखास गाळतात, कारण तिला तारीख नाही. भूमिगत झालेल्या माणसाला रोज भाकरी लागते, रात्रीला छप्पर लागते आणि पोलिस कोणत्या रस्त्याने येताहेत याची खबर लागते. या तिन्ही वस्तू सरकारपाशी नसतात, बाजारात मिळत नाहीत. त्या फक्त गावापाशी असतात. म्हणजे मोर्चाचा पुढारी गावाला हाक देत होता, तर भूमिगत माणूस गावावर अवलंबून राहू लागला. आणि जो गावावर अवलंबून आहे त्याला गावाच्या गरजेकडे पाहावेच लागते. त्या धामधुमीत गावाची गरज कोणती होती? सरकारची यंत्रणा क्रांतिकारकांच्या मागे लागलेली. त्या संधीत दरोडेखोरांनी आणि गुंडांनी, काही वेळा चळवळीचेच नाव सांगून, खेडी लुटायला सुरुवात केली होती. गावाला हवा होता बंदोबस्त, आणि हवा होता झटपट न्याय. भूमिगतांनी दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, न्यायमंडळे बसविली, तंटे तोडले. ज्या क्षणी तंटा घेऊन माणूस मामलेदाराकडे न जाता या मंडळींकडे आला, त्या क्षणी ते सरकार झाले.

पाहिलेत? ‘गोळीबार झाला’ आणि ‘प्रतिसरकार झाले’ या दोन वाक्यांच्या मध्ये एवढे अंतर होते. ते चालून गेल्यावरच ‘त्यामुळे’ लिहिण्याचा अधिकार येतो.

पण एवढ्यावर मी समाधान मानू देत नाही. मी मुलांना विचारतो : हेच कारण दुसरीकडे कोठे होते का, आणि तिकडे काय झाले? ही माझी दुसरी कसोटी. तिच्यासाठी लांब जावयास नको. चांदा जिल्ह्यातील चिमूर घ्या. तिथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, लष्कर आले, गावावर भयंकर अत्याचार झाले. गोळीबारानेच प्रतिसरकार जन्मत असते तर ते चिमूरला आधी जन्मायला हवे होते. तिथे तसे काही टिकले नाही. संयुक्त प्रांतात बलिया येथे चित्तू पांडे यांनी त्याच महिन्यात कारभार हाती घेतला. फौज येताच तो काही दिवसांत संपला. उलट बंगालमध्ये तमलूकला २९ सप्टेंबरला गोळीबार झाला, त्यात मातंगिनी हाजरा पडल्या, आणि तिथे मात्र १७ डिसेंबर १९४२ ला जातीय सरकार उभे राहून १९४४ पर्यंत चालले.

म्हणजे गोळीबार चारही ठिकाणच्या कथेत घालता येतो, किंवा फौजेची दहशत म्हणा. परिणाम मात्र वेगवेगळे. याचा अर्थ गोळीबार हे कारण खोटे असा नव्हे. ते अपुरे आहे. त्याने मोर्च्यांची वाट बंद केली; पुढची वाट कोणती निघणार हे त्याने ठरविले नाही. ते दुसऱ्या कशाने तरी ठरविले, आणि ‘दुसरे कशाने?’ हा प्रश्न जिथे पडतो तिथे उत्तराचा पुढचा परिच्छेद आपोआप सुरू होतो. परिच्छेद कोठे संपवावा असे मुले नेहमी विचारतात. मी म्हणतो, हातातले कारण जिथे अपुरे पडते तिथे.

आता आपल्याकडे काय निराळे होते? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली नकाशात आहे. या मुलखात ब्रिटिश हद्द आणि संस्थानी हद्द गोधडीच्या ठिगळांसारख्या एकमेकींत शिवलेल्या होत्या. तासगाव ब्रिटिशांचे, पण कुंडल औंध संस्थानचे. शिवाय सांगली, मिरज ही संस्थाने. औंधच्या राजेसाहेबांनी तर १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटनाच देऊन टाकलेली. ब्रिटिश पोलिसाला संस्थानी हद्दीत आपल्या हद्दीतल्यासारखे मोकळेपणी वावरता येत नसे. भूमिगताला मात्र एका रात्रीत बांध ओलांडून पलीकडे जाता येई. चिमूरला हा बांध नव्हता.

दुसरी गोष्ट माणसांच्या मनात आहे आणि ती जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली स्थापिलेला सत्यशोधक समाज या जिल्ह्यात खोल रुजला होता. १९२० च्या आगेमागे इथल्या शेतकऱ्यांनी सावकारशाहीविरुद्ध लढे दिले होते. पुढे १९३० च्या जंगल सत्याग्रहात बिळाशीसारखी गावे उतरली. नाना पाटील स्वतः त्याच वातावरणात वाढले. म्हणून जेव्हा न्यायमंडळ बसले तेव्हा ‘सावकाराच्या आणि पाटलाच्या वरही कोणी असू शकते’ ही कल्पना गावाला नवी नव्हती. इथे एक इशारा देतो. हे दुसरे कारण पहिल्याइतके पक्के दाखविता येत नाही. हद्द नकाशावर दिसते. मन दिसत नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने ‘निःसंशय’ असे न लिहिता ‘यामुळे सोपे झाले असावे’ असे लिहावे. परीक्षक काही शब्दांच्या जोराला भुलत नाही.

या दोन कारणांनिशी मी तिला तो परिच्छेद पुन्हा लिहावयास लावला. तिसऱ्या प्रयत्नाला जो उतरला तो असा : ‘प्रतिसरकार टिकण्याचे एक कारण म्हणजे चळवळीला गावावर अवलंबून राहावे लागले. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज व इस्लामपूर येथील गोळीबारांनी उघड मोर्चे अशक्य केले आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यांना आसरा गावानेच दिला. मोबदल्यात गावाला दरोडेखोरांपासून संरक्षण व तंट्यांचा निवाडा मिळाला. मात्र गोळीबार चिमूरलाही झाला होता व तिथे असे सरकार टिकले नाही. म्हणून केवळ दडपशाहीने हे स्पष्ट होत नाही, येथील हद्दींचाही विचार करावा लागतो.’ सगळी मिळून सहा वाक्ये. तारखेच्या जागी नुसता महिना राहिला आणि काही बिघडले नाही. पहिल्या वाक्यात उत्तर, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ते घडले कसे, पाचव्या-सहाव्यात त्याची मर्यादा आणि पुढच्या परिच्छेदाचे दार.

शेणोलीच्या गाडीविषयी बोलल्याशिवाय मला इथून कोणी जाऊ देणार नाही, हे मी जाणून आहे. तिच्या मूळ उत्तरात ही गाडी दीड पान धावत होती. रूळांवर रचलेले दगड, अंधार, शिट्टी, सगळे काही. मी तिला म्हणालो, हे सगळे एका वाक्यात घाल आणि उरलेल्या जागेत सांग की गाडीच का? पैसा हवा होता हे उघड आहे. पण पैसा सावकाराच्या घरातही होता, व्यापाऱ्याच्या पेढीतही होता. गाडीतला आणि धुळ्याकडचा, दोन्ही पैसा सरकारचा होता. ज्या चळवळीचा जीव गावाच्या भाकरीवर आहे तिने गावातून पैसा ओढला तर दरोडेखोर आणि ती यांत गावाला फरक दिसणार नाही. सरकारी पैसा घेतल्याने तो फरक राहिला. हा माझा तर्क आहे. पण तो आधीच्या परिच्छेदातल्या कारणाशी जुळतो, आणि दोन वेगळ्या घटना एकाच कारणाने उलगडू लागल्या की उत्तराला कणा येतो. नुसत्या साहसाच्या वर्णनात शूर माणसे दिसतात, पण ती विचार करताना दिसत नाहीत. या माणसांनी विचार केला होता.

‘पत्री सरकार’ या नावाचेही तसेच. पायाला पत्री ठोकल्याच्या कथा मुले रंगवून लिहितात. त्यांत लोककथेचा भाग किती, हा वाद बाजूला ठेवू. विचारावयाचे ते हे, की शिक्षा अशी झटपट आणि सर्वांदेखत का? ज्या सरकारपाशी तुरुंग नाही, जे उद्या रात्री कोणत्या गावात असेल हे त्यालाच ठाऊक नाही, ते कोणाला सहा महिने कोंडून ठेवणार कुठे? त्याची शिक्षा तिथल्या तिथे संपणारी आणि पुष्कळ दिवस आठवणारी असावी लागते. असा प्रश्न केला की भयकथेतूनही राज्यकारभाराची अडचण दिसू लागते.

आता उलट बाजूची चूक. काही मुले ‘का’च्या नादाने घटनाच सोडून देतात. ‘सामाजिक, आर्थिक, राजकीय व भौगोलिक कारणांमुळे प्रतिसरकार टिकले’ – चार मोठे शब्द आणि आत काही नाही. हे वाक्य बलियालाही लावता येते, फ्रेंच राज्यक्रांतीलाही लावता येते. जे वाक्य गावाचे नाव बदलूनही तसेच खरे राहते ते या प्रश्नाचे उत्तर असू शकत नाही. दुसरी मुले आठ कारणे आठ क्रमांकांनी लिहितात. त्यांत मोठे कोणते, आणि कोणते दुसऱ्याच्या पोटात आहे, हे सांगत नाहीत. त्यापेक्षा तीनच कारणे घ्यावीत आणि ती एकमेकांना धरून लिहावीत. तिसरी आणखी एक खोड म्हणजे ‘हे होणारच होते’ असे लिहिणे. गांधीजी मे १९४४ मध्ये सुटले आणि त्यांनी भूमिगतांना उघड होण्यास सांगितले. तमलूकचे सरकार त्यानंतर आवरले गेले. इथल्यांपैकी बरेचजण उघड झाले नाहीत. म्हणजे ‘होणारच होते’ असे काही नव्हते. तिथे एक फाटा फुटत होता आणि माणसांनी निवड केली. प्रश्नात ‘१९४६ पर्यंत’ हे शब्द कशासाठी घातले होते ते आता ध्यानात येईल. १९४४ चा तो फाटा ज्याने लिहिला नाही त्याने प्रश्नाचा उत्तरार्ध सोडलाच.

वेळेचा हिशेब मुले विचारतात. दहा गुणांच्या प्रश्नाला वीस मिनिटे असतील तर त्यांतली चार मी न लिहिता घालवावयास सांगतो. कच्च्या कागदावर फक्त तीन वाक्ये, प्रत्येकाच्या आधी मनात ‘कारण’ म्हणून. तीच पुढे तीन परिच्छेदांची पहिली वाक्ये. ही चार मिनिटे खर्च करायला मुलांचा जीव होत नाही, शेजारचा पुरवणी मागतो आहे हे दिसत असते.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. सगळे उत्तर नव्याने लिहून झाल्यावर ती जरा हिरमुसली होऊन म्हणाली, “सर, मग आजोबांची गोष्ट कुठेच येत नाही.” तिचे आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे पोर होते. आई फडक्यात भाकरी बांधून देई आणि ते दिवस मावळल्यावर शाळूच्या रानात नेऊन ठेवत. कोणासाठी, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. मी तिला म्हटले, अगं, परीक्षेत ही गोष्ट दीड पान लिहिता येणार नाही. पण तुझ्या पहिल्या परिच्छेदात ‘त्यांना आसरा गावानेच दिला’ असे वाक्य आहे. त्याला पुरावा काय, असे कोणी विचारले तर काय सांगशील?

तिने वही पुन्हा पुढे ओढली आणि त्या वाक्याच्या पुढे एक काकपद करून वर बारीक अक्षरात लिहिले : ‘रात्री रानात भाकरी पोहोचविण्याचे काम घरातल्या लहान मुलांकडे असे.’